सांगू का?

रविवारी सकाळी माझी लेक सई पेटीवर स्वतःचं गाणं बसवत होती. संथ, हळवी चाल होती. मध्येच थांबून म्हणाली, “आई, हे फार रडकं होतंय. मी दुःखी कुठे आहे? मला तो आवडतो, एवढं फक्त त्याला अजून सांगायचं नाहीये.”

मग तिनं चाल उडत्या दादऱ्यात घेतली. ‘तुझ्याविना’ खोडलं आणि लिहिलं, ‘शर्टाचं बटण तुटलंय तुझं, सांगू का?’ शेवट षड्जावर आला की बोलणं पुरं झाल्यासारखं वाटतं, म्हणून तिनं तो ‘का’ रिषभावरच तरंगत ठेवला. हुरहुर तेवढ्या एका सुरात राहिली, बाकी सगळं हसरं झालं.

संध्याकाळी आमच्या घरी जमलेल्या मित्रमंडळींत ती ते गायली. तोही समोरच बसला होता. सगळे हसले. त्यानं नकळत स्वतःची बटणं चाचपली आणि विचारलं, “पुढचं कडवं?”

“व्हायचंय अजून,” सई म्हणाली. कान लाल झाले होते, पण आवाज जराही हलला नाही.

प्रेम कबूल करायला धीर लागतो असं म्हणतात. ते इतक्या डौलानं जपायलाही लागतो, हे मला माझ्या मुलीकडे बघताना कळलं, आणि माझी मान ताठ झाली.