वर्तनाचा रकाना

आमच्या संस्थेची तीन महाविद्यालयं आहेत आणि तिन्हीकडची मुलं इंटर्नशिपला जातात. प्रत्येक ठिकाणी एक प्लेसमेंट समन्वयक आहे. तो मुळात प्राध्यापक. तास, पेपर तपासणी, नॅक मूल्यांकनाच्या फायली सांभाळून कंपन्यांचे इंग्रजी करार वाचायला त्याला वेळ कुठून मिळणार? म्हणून ते करार गोंदियाच्या मुख्य कार्यालयात माझ्या टेबलावर येतात. मी वकिलीची पदवी घेतली, पण कोर्टात कधी उभी राहिले नाही. करार वाचून एका पानाचा मराठी गोषवारा करायचा, हे माझं काम. रकाने चार : विद्यावेतन, कालावधी, प्रमाणपत्र, वर्तन.

पहिले दोन रकाने सोपे असतात. किती पैसे, कधी आणि काय कापून; कधीपासून कधीपर्यंत. प्रमाणपत्राचं कलम जरा लबाड असतं. ‘कालावधी पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र देण्यात येईल’ असं ते म्हणतं आणि पुढे हळूच ‘परिशिष्टातील नियमांच्या अधीन राहून’ असं जोडतं. ते परिशिष्ट शेवटी, सह्यांच्याही मागे असतं. वर्तनाचे नियम तिथे.

त्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेचा चौदा पानांचा करार आला. त्या आठवड्यातला तो कितवा होता, आठवत नाही. परिशिष्ट मी उघडलं. ओळखपत्र लावा, पांढरा कोट घाला, प्रयोगशाळेत मोबाईल नको, नमुन्यांची माहिती बाहेर सांगू नका. आधीच्या सगळ्या करारांत हेच होतं. तिथे मी थांबले. पान उलटलं नाही. वर्तनाच्या रकान्यात लिहिलं, ‘नेहमीच्या अटी.’ गोषवारा आमच्या सडक अर्जुनीच्या महाविद्यालयातल्या समन्वयक सरांना पाठवला आणि डबा उघडला.

त्या प्रयोगशाळेत सरांची एक विद्यार्थिनी गेली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. तिच्या वडिलांचं हायवेवर ट्रकचं पंक्चर काढायचं दुकान. चौथ्या आठवड्यात जॅक घसरला आणि वडिलांचा उजवा हात चाकाखाली आला. सकाळी कामावर असतानाच तिला फोन आला. तिने सुपरवायझरला सांगितलं, तो ‘जाओ, जाओ’ म्हणाला. तरी तिने बसस्टँडवरून सरांना फोन करून विचारलंच, “सर, मी गावाकडे जाऊन राहिली. काही अडचण तं नाही ना?”

सरांनी माझा गोषवारा काढून पाहिला. सुट्टीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. ते म्हणाले, “काही नाही. तू सांगून निंगाली ना? मंग जा.”

वडिलांची तीन बोटं काढावी लागली. ती पाच दिवस गोंदियाच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ होती. सहाव्या दिवशी नागपूरला गेली, तेव्हा गेटवर तिचं कार्ड चाललं नाही.

परिशिष्टाच्या दुसऱ्या पानावर, मी न उलटलेल्या पानावर, नियम होता : लेखी पूर्वपरवानगीशिवाय सलग दोन दिवस गैरहजर राहिल्यास इंटर्नशिप सोडली असं समजलं जाईल आणि कोणतंही प्रमाणपत्र मिळणार नाही. लेखी म्हणजे ईमेलही चालेल, हेही तिथेच होतं. बसस्टँडवर उभं राहून मोबाईलवर एक ओळ लिहिली असती, तर झालं असतं.

मला हे कळलं ते ती स्वतः कार्यालयात आली तेव्हा. दुपारची वेळ. माझ्यासमोरच्या खुर्चीत ती बसली. गोषवाऱ्याची झेरॉक्स चार घड्या घालून आणलेली. ती उलगडून तिने त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

“नेहमीच्या म्हंजे कोनत्या जी, मॅडम?”

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. ती पहिल्यांदाच कुठे नोकरीसारखं काम करायला गेली होती. तिच्या घरातून असं कुणी जाण्याचीही ती पहिलीच वेळ. तिच्यासाठी नेहमीचं असं काहीच नव्हतं. मी म्हणाले, “बघते मी.” तिने मान हलवली आणि ती गेली.

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या मागे लागला. मेडिकलवाला विचारायचा, “हमेशा वाली गोली?” आणि मी गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव पुन्हा वाचायला लागायचे. शेजारीण म्हणायची, “नेहमीचंच चालू आहे,” आणि मला ते बोट दिसायचं, नखाला कसलासा निळा रंग लागलेलं. करार वाचताना समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटायचं. एकदा तर मी खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग भिंतीकडे बघवेना.

कुणीच मला काही बोललं नाही. तिच्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणाले, कंपनीच तशी. ती येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी सडक अर्जुनीला गेले आणि सरांना सांगितलं, “परिशिष्ट मी पाहिलं होतं. अर्धंच. पुढचं पान उलटलंच नाही.”

सरांनी कपाट उघडून मूळ करार टेबलावर ठेवला. “हा इथंच होता. तुमी अर्धं तरी पाह्यलं. मी तेबी नाही पाह्यलं.”

त्यांच्या या बोलण्याने मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आम्ही दोघांनी मिळून प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. दवाखान्याचे कागद, तिने केलेल्या फोनच्या नोंदी, सगळं जोडलं. तिथे इंटर्नशिपचं काम बघणाऱ्या बाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं, “मॅडम, लड़की ने साइन किया है. हर पन्ने पर.” शेवटी तिने जितके दिवस काम केलं तितक्या दिवसांचं साधं पत्र तेवढं मिळालं. आमच्या परीक्षा समितीने ते ग्राह्य धरलं नाही. इंटर्नशिपचे तास पूर्ण भरत नव्हते. तिचा निकाल एक सत्र मागे पडला.

माझी कामाची रीत मात्र बदलली. आता प्रत्येक रकान्यात कलमाचा आणि पानाचा क्रमांक असतो. गैरहजेरी, परवानगी कुणाची आणि कशी, करार मध्येच कशाने संपतो, हे मी कराराच्या शब्दांत उतरवते. जे सापडत नाही तिथे ‘करारात उल्लेख नाही’ असं लिहिते, रिकाम्या जागेवरून कुणी परवानगी समजू नये म्हणून. गोषवारा आता अडीच पानांचा होतो. एक समन्वयक कुरकुरले, “काऊन एवढं लांबवता?” मी पुढचा करार उघडला. समोरची खुर्ची तेव्हाही रिकामीच होती, आणि नव्हतीही.

पुढच्या सत्रात तिला गोंदियातल्याच एका राइस मिलच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तांदळातला ओलावा आणि तुटक्या दाण्यांचं प्रमाण तपासायचं काम. करार माझ्याकडेच आला. दोनदा वाचला, सरांकडून एकदा वाचून घेतला. सही करायला ती कार्यालयात आली. वडील बरे आहेत का, असं मी विचारलं. “डाव्या हातानं पंक्चर काढून राह्यले,” ती म्हणाली.

मी तिच्यासमोर दोन्ही कागद ठेवले, गोषवारा वर आणि करार खाली. तिने खालचा करार ओढून घेतला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, ओठ हलवत. इंग्रजी अडलं की मोबाईलमध्ये शब्द बघायची. मला एकदाही विचारलं नाही. तासभर मी काहीच न करता बसून होते. परिशिष्टाचं शेवटचं पान तिने उलटून पाहिलं, मागे काही छापलंय का म्हणून. काही नव्हतं. मग तिने सह्या केल्या, आपली प्रत पिशवीत घातली आणि “येतो, मॅडम” म्हणून बस गाठायला निघाली.

गोषवारा टेबलावरच राहिला. त्याला तिने हातही लावला नव्हता.