जेंट्सच्या ट्रेमधली फ्रेम

बारामतीच्या एमआयडीसीत मी कामगारांचे गणवेश शिवून द्यायचे. मशिनी माझ्या, धंदा माझा, तरी एका कारखान्याचा खरेदी अधिकारी दर वेळी म्हणायचा, "ताई, मालकांना पाठवा." तो राग माझा अजून गेलेला नाही. चष्मा लागला तेव्हाच ठरवलं, आता त्याच्यापुढं मालकीण दिसायचं.

चष्मेवाल्यानं लेडीज ट्रे पुढं केला. सगळ्या फिक्या गुलाबी, मोठ्या गोल फ्रेमा. माझा चेहरा गोल, रंग सावळा. आरशात गाल आणखी फुगले आणि त्या गुलाबीपुढं तोंड राखेसारखं दिसलं.

"जेंट्सचा ट्रे काढा," मी म्हणाले.

"ताई, लोकं हसत्याल की."

"हसंल त्याला मी चष्मा घेऊन देते. काढा."

त्यातली चौकोनी, गडद तपकिरी फ्रेम लावली. कोपऱ्यांमुळं चेहऱ्याला जरा धार आली. माझ्या रोजच्या निळ्या, मातकट सुती साड्यांशीही तो रंग जुळत होता. पण फ्रेम रुंद होती, नाकावरून घसरायची.

"ही न्हाय बसायची तुमाला," तो म्हणाला.

मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी त्यानं त्याच घडणीची लहान मापाची फ्रेम शोधली आणि काड्या गरम करून कानामागं वाकवल्या. मी खाली वाकून पाहिलं. फ्रेम जागची हलली नाही.

पुढच्या खेपेला त्या अधिकाऱ्यानं चष्म्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मालक नाही आले?"

"आलेत," मी म्हणाले, आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.