नव्वद दिवस आणि एक अंगठा

चार वर्षं मी एका बाईला रोज भेटलो आणि तिचा चेहरा मला माहीत नाही. अंगठा माहीत आहे. उजव्या हाताचा, नख आखूड कापलेलं, पेरावर विळी लागल्याची जुनी पांढरी खूण. अंगठा माझ्यासमोर उभा केलात तर शंभरांतून ओळखेन. बाई शेजारी येऊन बसली तर सरकून जागा देईन आणि खिडकीबाहेर बघत बसेन.

आमची कंपनी शाळा-ऑफिसांच्या कॅन्टीनना खाण्याचा पाकीटबंद माल पुरवते. गोदाम नवी मुंबईतल्या पावणे गावात, ऑफिस बेलापूरला. गोदामाच्या गेटवर गाडी आली की तिथली ही बाई एक पाकीट उचलते, तारखेची बाजू वर करून फोटो काढते आणि ग्रुपवर टाकते. मी बेलापूरला एका केबिनमध्ये बसून ती तारीख वाचतो, किती दिवस उरले ते मोजतो आणि निकाल देतो. 'घ्या' किंवा 'परत'. राजाच्या दरबारात याच्यासाठी डोक्यावर मुकुट देत असत. मला एक खुर्ची दिली आहे, तिचं एक चाक पळून गेलंय.

नियम सोपा आहे. माल आत घेताना त्याचं दोन-तृतीयांश आयुष्य शिल्लक पाहिजे. पाकिटावर 'बेस्ट बिफोर नव्वद दिवस' असेल, तर बनवल्यापासून तीस दिवसांच्या आत तो आमच्या दारात उभा पाहिजे. म्हणजे साठ उरतात. माल वाईट होतो म्हणून नव्हे. आमच्याकडून कॅन्टीनला, कॅन्टीनच्या कपाटातून कुणाच्या तरी चहापर्यंत जायला त्याला वेळ लागतो, तो वेळ आम्ही आधीच राखून ठेवतो.

सोपं आहे म्हणून लोक चुकतात. तीन महिने आणि नव्वद दिवस एकच समजतात, मग एखाद-दुसऱ्या दिवसावर अडतात. बॅच नंबरालाच तारीख समजतात. पाच-सहा लिहिलं असेल तर पाच जून की सहा मे यावर गेटवर परिसंवाद भरतो. खोक्यावरची पॅकिंगची तारीख दाखवतात आणि आतल्या पाकिटावरची लपवतात. हे सगळं मी आनंदानं पकडतो. दिवसभरात माझ्याशी दुसरं कोणी काही खेळत नाही.

घरीही नाही. ऐरोलीत एक खोली-किचन आहे, त्यात मी आहे आणि माझा आवाज आहे. एके काळी हौशी नाटकांत कामं करायचो, त्यामुळे आवाज मोठा आहे, खोलीला तो पुरून उरतो. दुकानात गेलो की हात मागच्या रांगेत घालून ताजं पाकीट काढतो. दुकानदार म्हणतो, "साहेब, पुढचीपण चांगलीच आहेत." मी म्हणतो, "तुमची पुढची आहेत, माझी मागची." मग घरी येऊन इतकं निवडून आणलेलं ते पाकीट एकट्यानं संपत नाही, ते वेगळं.

तर अंगठा. प्रत्येक फोटोच्या कडेला तो असायचा, पाकीट धरायला. पहिले काही महिने मी तारीख बघायचो. मग तारीख वाचून झाली की अंगठा बघायला लागलो. कधी त्यावर पट्टी. कधी हळद. श्रावणात एकदा पिठाचा पांढरा ठसा, म्हणजे सकाळी काहीतरी मळून धावत आली होती. बोलणं आमचं एवढंच:

"सर फोटो क्लियर हाय ना"

"आहे. घ्या."

एवढ्यावर मी तिचं घर, तिची घाई, तिची विळी असं सगळं नेपथ्य उभं केलं होतं. तिला याची कल्पना नव्हती. असायचं कारणही नव्हतं.

मार्चच्या शेवटी अंगठा मेंदीनं भरून आला. बावीस तारखेच्या फोटोत तो पेरापर्यंत काळपट लाल होता, नखही रंगलेलं. घरात लग्न झालं असणार. माल नाचणीच्या बिस्किटांचा होता, पावण्यातच दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका छोट्या बेकरीचा. बनवल्याची तारीख बारा मार्च, नव्वद दिवस. दहा गेले, ऐंशी उरले. घ्या. त्यानंतर रोजच्या फोटोंत मेंदी उतरत गेली. लाल, मग नारिंगी, मग त्वचेवर नुसती सावली. चार एप्रिलला नख तेवढं रंगलेलं राहिलं होतं. मी ऋतू बघतात तसं ते बघत होतो.

पाच एप्रिलला सकाळी फोटो आला. तीच बिस्किटं. बारा मार्च, नव्वद दिवस. मार्चचे एकोणीस, एप्रिलचे पाच, चोवीस गेले. सहासष्ट उरले. दहा जूनपर्यंत निवांत. मी 'घ्या' टाइप केलं, बोट पाठवायच्या बाणावर नेलं, आणि सवयीनं कडेला नजर टाकली.

अंगठा पेरापर्यंत लाल होता.

तारीख बरोबर होती, अंगठा चौदा दिवस जुना होता. मी बावीस तारखेचा फोटो वर जाऊन काढला. तोच. पाकिटाची घडीसुद्धा तीच.

खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मला आनंद झाला. असा पुरावा कुणाच्या वाट्याला येतो? ग्रुपवर खरेदीचे साहेब होते, त्यांच्यासमोर पडदा उघडायचा, एकेक पाऊल टाकत गुन्हेगारापर्यंत जायचं. वाक्यंही सुचली. मग लक्षात आलं की या नाटकात गुन्हेगार तीच होती.

मी फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"हॅलो, कोन?"

"मी बेलापूरहून. तारखांवाला."

"सर? बोला ना सर."

आवाज मी कल्पिला होता त्याहून लहान होता. थोडा बसलेला.

"गाडी आत आली का?"

"नाय, भायेरच हाय. तुमचं 'घ्या' आलं का घेते आत."

"फोटो कधी काढला?"

"आताच सर."

"मेंदीपण आताच काढलीत?"

ती म्हणाली, "कंची मेंदी?"

"अंगठ्यावरची. काल फक्त नख रंगलेलं होतं. आज अख्खा अंगठा रंगलाय."

"तुमी अंगठा बघता?"

"पाकिटावर खरी तारीख काय आहे ते सांगा."

"वीस फेब्रुवारी."

तोंडीच मोजलं. फेब्रुवारी अठ्ठावीसचा, म्हणजे आठ. मार्चचे एकतीस. एप्रिलचे पाच. चव्वेचाळीस गेले, सेहेचाळीस राहिले. साठ पाहिजेत.

"खायला चांगली हायत सर. मी सोता खाल्ली."

"असतील. अजून दीड महिना त्यांना काही होत नाही. पण तो दीड महिना कॅन्टीनवाल्याच्या हातात पूर्ण पडत नाही, म्हणून साठ."

मग तिनं सांगितलं. बेकरी तिच्या बहिणीच्या सासरची. लग्न नुकतंच झालेलं, मेंदी त्याचीच. लग्नाच्या धावपळीत बारा मार्चचा नवा माल पुढे रचला गेला, फेब्रुवारीची खोकी मागेच राहिली. आज बहिणीच्या दिराच्या मुलानं गाडी भरली ती मागूनच.

"आनि सर, त्यांचा माल एकदा परत गेलाय. शाई पुसलेली म्हनून. तुमीच केलेला."

केला होता. दुसऱ्यांदा परत गेला की पुरवठादाराचं नाव यादीतून कटतं, हाही नियम माझ्या तोंडपाठ होता.

"नाव कटलं ना, सगली माझ्या बहिनीलाच बोलनार. महिना नाय झाला तिला जाऊन त्या घरात. म्हनतील, तुझीच बहीन बसलीय ना गेटवर."

मी खुर्चीत मागे टेकलो. खुर्ची तीन चाकांवर कलली. मला एक शब्द टाइप करायचा होता, 'घ्या', आणि तो आधीच टाइप होऊन पडला होता. कुणाला कळलं नसतं. सेहेचाळीस दिवसांची बिस्किटं सहासष्ट दिवसांची म्हणून कॅन्टीनला गेली असती, जूनमध्ये कुठल्यातरी शाळेत पाकीट फोडताना कुणी मागची बाजू वाचली असती किंवा नसती.

मी तो शब्द पुसला.

"गाडी गेटच्या बाहेर आहे ना?"

"हो."

"आत आली नाही म्हणजे माल आला नाही. आला नाही तर परत कुठून जाणार? बेकरीच्या मालकांना सांगा, स्वतःची गाडी स्वतः फिरवून न्या आणि ताजा माल भरा. ताजा आहे?"

"एक तारकेचा हाय. कारखान्यात."

"मग दुपारी तो येऊ दे. आणि ग्रुपवरचा फोटो काढून टाका. लिहा, जुना फोटो गेला होता."

"चुकून गेला असं लिवू?"

"चुकून लिहू नका. जुना गेला, एवढंच. तेवढं खरं आहे."

ती म्हणाली, "थँक्यू सर." आणि फोन ठेवताना, अगदी सहज, "तुमी रोजच बघायचे का?"

"तारीख बघताना दिसतो," मी म्हणालो. इतकी वर्षं नाटकं केलेल्या माणसाच्या तोंडून यापेक्षा पडेल वाक्य निघालं नसेल.

दुपारी तीनला फोटो आला. एक एप्रिल, नव्वद दिवस. चार गेले, शहाऐंशी उरले. पाकीट वजनकाट्याच्या स्टीलच्या ताटलीवर सपाट ठेवलेलं होतं. कडेला कोणी नव्हतं.

मी लिहिलं, 'घ्या.'

दुसऱ्या दिवशीही ताटली. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मी एक क्षुद्र युक्ती केली. फोटो स्वच्छ होता तरी लिहिलं, 'नीट दिसत नाही, पाकीट हातात धरून काढा.' पाच मिनिटांनी नवा फोटो आला. पाकिटाला मागून टेपच्या रिळाचा टेकू दिला होता, आणि तारीख आरशासारखी लख्ख दिसत होती. मी हसलो. केबिनमध्ये हसलं की आवाज काचेवर आपटून परत येतो.

मेच्या मध्यावर गोदामाची गाडी बेलापूरला कागद घेऊन आली, तेव्हा ड्रायव्हरनं एक पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "गेटवरच्या ताईंनी दिलं. बोलल्या, तारखावाल्या सरांना." नाचणीची बिस्किटं. मी उलटं केलं. तारीख आदल्या दिवशीची, एकोणनव्वद दिवस शिल्लक. एवढं ताजं पाकीट मला कुठल्याच दुकानाच्या मागच्या रांगेत मिळालेलं नाही.

घरी जाऊन मी ते ओट्यावर नेलं, दिव्याखाली धरलं आणि फोटो काढला. कडेला माझा अंगठा आला, जाडा, नखाला बॉलपेनची शाई. ग्रुपवर नाही, तिला एकटीला पाठवला. मी चहा टाकला, गाळला, निम्मा प्यालो.

मग उत्तर आलं.

'घ्या.'

मी दोन बिस्किटं घेतली, बाकीच्या पाकिटाला रबर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावण्याहून पहिला फोटो आला तेव्हा आधी कडेला बघितलं. ताटली होती. मग तारीख वाचली.