व्हान देर लिंथाउट कुठे गेले?

ग्रंथालयात त्यांना सगळे सूचीबाई म्हणत. प्रबंध जमा व्हायच्या आधी त्याची संदर्भसूची बाईंच्या टेबलावरून जायची. मजकुरातलं नाव सूचीत नसलं, की लाल पेनाने शेरा: ‘संदर्भ आढळला नाही.’ बाईंचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

त्या दिवशी मात्र एक मुलगी प्रबंध घेऊन परत आली. पाच वाजता मुदत संपणार, ती हुकली तर पुढची फेरी सहा महिन्यांनी.

“बाई, तुम्ही दोन संदर्भ नाहीत म्हणालात. दोन्ही आहेत.”

“अगं, मी काय आंधळी आहे? व्हान देर लिंथाउट, डच माणूस. एलमध्ये बघितलं, नाही. मॅकलॅरो, मॅकवाल्यांत बघितलं, तिथेही नाही.”

मुलीने पानं उलटली. लिंथाउट व्हीमध्ये होते, ‘व्हान’सकट. आणि मॅकलॅरो? त्यांच्या नावात नुसतं एम-सी. सूचीत आधी एम-ए-सीवाले मॅकब्रेनिक, मग मॅडसन, आणि त्यानंतर कुठे हे महाशय.

“संदर्भ द्यायच्या एपीए पद्धतीत असंच लावतात, बाई. व्हान आडनावातच धरतात आणि अक्षरं लिहिली असतील तशी.”

तीस वर्षं बाईंनी लेखकांच्या नावांच्या कार्डांचे खण लावले होते. तिथे डच ‘व्हान’ मागे टाकून मूळ आडनाव धरायचं, आणि एम-सी असो की एम-ए-सी, दोन्ही एकाच रांगेत. हात आपोआप तिकडेच जायचा. विद्यापीठाने एपीए लागू केलं गेल्या वर्षी. परिपत्रकावर बाईंची सही होती, वाचलं होतं कोणी!

शेरा कार्यालयात पोचला होता. तो मागे घ्यायचा तर ‘चूक तपासणाऱ्याची’ असं लिहून द्यावं लागे. बाईंनी आजवर असं एकदाही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, सही ठोकली आणि स्वतः जिना चढून कागद देऊन आल्या. साडेचारला प्रबंध जमा झाला. मुलगी थँक्यू म्हणाली, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण आता डोक्यात एकच घोळत होतं. वर्षभरात आणखी किती जणांना परत पाठवलं?

नोंदवही काढून त्यांनी शेरे तपासले. तसा एकच सापडला: एक शिक्षक, नोकरी सांभाळून प्रबंध लिहिणारे. नावात ‘फॉन’, म्हणजे व्ही-ओ-एन, लावणारे एक जर्मन लेखक बाईंना सापडले नव्हते. बाईंनी लगेच फोन लावला.

“सर, तो संदर्भ तुमच्या सूचीत होता का हो?”

“होता ना. व्हीमध्ये.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

पलीकडे सर जरा हसले. “तुम्ही नाही म्हणालात बाई, म्हणजे चूक माझीच असणार, असं वाटलं. त्या लेखकावरचं अख्खं प्रकरण काढून टाकलं मी.”