पत्रिकेवरचा चेहरा

नारायणगावच्या एका छापखान्यात मी डिझाइनचं काम करायचे. एकदा खोडदची एक बाई होणाऱ्या सुनेला घेऊन लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आली. पत्रिकेवर साखरपुड्याचा फोटो होता. मी छापील प्रूफ स्क्रीनशेजारी धरलं. मुलाच्या केशरी फेट्यात निळा रंग जास्त उतरून तो मळकट दिसत होता. तेवढं मी दुरुस्त केलं.

बाईचं बोट मात्र मुलीच्या चेहऱ्यावर होतं. "स्क्रीनवर गोरी दिसती, कागदावर काळी. आसं कसं?"

"स्क्रीनला मागून उजेड असतो," मी म्हणाले. "कागदावरचाच रंग बरोबर आहे. यांच्याकडं बघा ना."

"तिच्याकडं काय बघायचं? पावण्यांच्या हातात पत्रिका जाणार. उजळ करा."

मालकांनी मला काम उरकायची खूण केली. मी चेहऱ्यातला काळा आणि निळा कमी केला. नव्या प्रूफमध्ये तिच्या गालावरचा तीळही पुसट झाला होता.

छपाईआधी प्रूफवर गिऱ्हाइकाची सही लागते. बाईनं पेन मुलीपुढं केलं. "तूच कर. मागनं तक्रार नको."

मुलीनं फोटो निरखला आणि हळूच विचारलं, "ही मीच हाय ना?"

सासू हसली. मालकही हसले. मुलीनं सही केली आणि दुपारी मशीन सुरू झालं.