गाडीवानाच्या रसीदीविना

परभणीच्या आमच्या कचेरीत मी अहलकार म्हणजे कारकून होतो. दौऱ्यावर जाणाऱ्यांना खर्चासाठी पेशगी, म्हणजे आगाऊ रक्कम द्यायची आणि ते परतले की रसीदी पाहून हिशेब मिटवायचा, हे माझं काम. निजामाचं राज्य, कागद सगळे उर्दूत. रसीद नसलेला खर्च मंजूर करायचा नाही, हा कायदा मला पाठ होता.

त्या उन्हाळ्यात चुडाव्याच्या बाजूला पटकीची साथ आली. दवाखान्यातले एक कंपाउंडर सुया टोचायला तिकडे गेले. पन्नाशीला टेकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांना मीच चाळीस रुपये पेशगी मोजून दिली होती.

बारा दिवसांनी ते माझ्यासमोर येऊन बसले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आगगाडीचं जाण्यायेण्याचं भाडं दीड रुपया, भत्ता रोजचा एक याप्रमाणे बारा रुपये, चुना, फिनेल आणि मजुरीचे दहा रुपये रसीदीसकट. शिवाय बैलगाडी रोज दीड रुपयाप्रमाणे बारा दिवसांचे अठरा. एकूण साडेएकेचाळीस. म्हणजे सरकारनंच त्यांना दीड रुपया द्यायचा होता. पण गाडीची रसीद नव्हती.

"गाडीवान कुठाय?" मी विचारलं.

"वारला," ते म्हणाले.

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. गाडीवान चुडावा स्टेशनवरच भेटलेला. प्रत्येक गावात हे सुया टोचायचे आणि तो बैलांपाशी बसून बघायचा. रोज त्याला म्हणायचे, आता तू घे. तो म्हणायचा, आधी लोकांचं होऊ द्या, मग माझं. शेवटच्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि उन्हं कलायच्या आत तो गेला. कुणी प्रेताला हात लावेना. यांनीच त्याला गाडीत निजवलं, आयुष्यात कधी बैल हाकले नव्हते ते हाकले, आणि त्याच्या गावात नेलं. बाराही दिवसांचं भाडं त्याच्या बायकोच्या पदरात टाकलं आणि चालत स्टेशन गाठलं.

मी कागद घेऊन मुख्य मुन्शींकडे गेलो. ते वयस्कर, सरळ माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला. त्या बाईनं अंगठा दिला आणि गावच्या पाटलानं साक्ष घातली तर आपण चालवून घेऊ, नाहीतर हैदराबादेहून एतराज, म्हणजे हिशेबावर हरकत येईल आणि ठपका आपल्या दोघांवर बसेल, असं त्यांनी सांगितलं.

कंपाउंडर स्वतःच्या खर्चानं पुन्हा त्या गावी गेले. परत आले ते हात हलवत.

"न्हाई देत म्हणली अंगठा," ते म्हणाले. "तिच्या सासऱ्याचं रान एका अंगठ्यावर गेलंय. पैशे वापस घेऊन जावा म्हणली, पण अंगठा देणार न्हाई. पदराची गाठ सोडायलीच होती."

"मग?"

"मग काय. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या."

पाटलानंही, बाईचा अंगठा नसेल तर मी कशाची साक्ष घालू, असं म्हणून हात झटकले होते.

मुख्य मुन्शींनी आम्हा दोघांना आत घेऊन दार लोटलं आणि हलक्या आवाजात सुचवलं की बाजारात गाडीवाले कितीतरी बसतात, कुणीही रसीद देईल, माणूस खरा गेला होता आणि पैसा खरा दिला होता. हे बोलताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, कंपाउंडर हो म्हणतील. मनातून मला तेच हवं होतं.

पण ते म्हणाले, "तो माझ्या मांडीवर गेला, साहेब. त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव मला लिहवणार न्हाई."

मी जागेवर येऊन अठरा रुपये खोडले. मंजूर खर्च साडेतेवीस, पेशगी चाळीस, म्हणजे साडेसोळा रुपये परत येणे. कंपाउंडरांचा पगार पंचवीस. एका महिन्यात कापले असते तर घर चाललं नसतं, म्हणून मुख्य मुन्शींनी साडेपाच रुपयांचे तीन हप्ते बांधून दिले. आमच्या हातात होतं ते एवढंच.

मी एतराज येऊ दे म्हणून तो खर्च मंजूर लिहू शकलो असतो का, हा विचार तेव्हाही आला होता. पण वरून येणारा कागद अठरा रुपयांसाठी माझी नोकरी घेऊन गेला असता, आणि वसुली तरीही कंपाउंडरांकडूनच झाली असती. ते त्यांनाही ठाऊक होतं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी सही करायला टाक मागितला.

दुसऱ्या हप्त्याच्या महिन्यात पालमकडे साथ पसरली. हुकूम त्यांच्याच नावे निघाला. पेशगी घेताना त्यांनी रुपये मोजले, धोतराच्या कनवटीला लावले आणि मला विचारलं, "गाडीवाल्याकडून पहिल्याच दिवशी रसीद लिहून घेतली तर चालते का?"

काम होण्याआधीची रसीद कायद्यात बसत नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि औषधांची पेटी उचलून ते स्टेशनकडे निघाले.