भाषेचे दोन रकाने

कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी कुठे जावं हे विचारायला मी धारहून देवासच्या एका कन्सल्टंटकडे गेले. त्याने जर्मनी, आयर्लंड आणि कॅनडा यांचा छापील तक्ता पुढे सरकवला. खर्च, भाषा, शिक्षणानंतर कामाची परवानगी, नोकऱ्यांची मागणी, सगळं एका पानावर. आयर्लंड आणि कॅनडाची फी बाबांना झेपणारी नव्हती. जर्मनीपुढे मात्र लिहिलं होतं: सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाही, भाषा इंग्रजी, पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष, मागणी भरपूर.

मी तिथेच मोबाइलवर जर्मनीतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती उघडल्या. बऱ्याच कंपन्यांना जर्मन बोलणारा माणूस हवा होता. मग ही भरपूर मागणी माझ्या काय कामाची?

"मॅडम, क्लास तो इंग्लिश में है ना," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. माझं कॉलेजही इंग्रजीतच झालं होतं, पण इथल्या कंपनीत दिवसभर काम चालतं ते हिंदीत. ती येत नसती तर मला कोणी ठेवलं असतं? मी पेन घेऊन भाषेच्या रकान्याचे दोन भाग केले, एक वर्गातली आणि एक कामावरची. "बहुत बढ़िया," म्हणत त्याने त्या तक्त्याचा फोटो काढून घेतला.

यंदा माझा मामेभाऊ त्याच्याकडून नवा तक्ता घेऊन आला. माझे दोन्ही रकाने त्यात व्यवस्थित छापले होते. जर्मनीपुढे दोन्हींत लिहिलं होतं, इंग्रजी.